ब्लॅक–शोल्स सूत्र

ब्लॅक–शोल्स सूत्र हे ऑप्शन या प्रकारच्या आर्थिक कराराची सैद्धांतिक किंमत काढण्याचे गणिती सूत्र आहे. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स या अर्थशास्त्रज्ञांनी ते १९७३ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रॉबर्ट मर्टन यांनी त्याची अधिक व्यापक मांडणी केली. त्यामुळे त्याला ब्लॅक–शोल्स–मर्टन सूत्र असेही म्हणतात. पाच संख्या ठाऊक असल्या की सामान्य वितरणाचे कोष्टक आणि साधे गणनयंत्र यांच्या साहाय्याने किंमत थेट काढता येते. पुनःपुन्हा आकडेमोड करत उत्तराच्या जवळ जावे लागत नाही. या लेखात सूत्राच्या सर्वांत सोप्या रूपाचा, म्हणजे मुदतीत लाभांश न देणाऱ्या समभागावरील कॉल ऑप्शनचा विचार केला आहे.

## कराराचे स्वरूप

कॉल ऑप्शन घेणाऱ्याला एखादा समभाग ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा हक्क मिळतो, पण तसे करण्याचे बंधन त्याच्यावर नसते. हा हक्क फक्त मुदतीच्या शेवटच्या दिवशी वापरता येत असेल तर ऑप्शन युरोपीय पद्धतीचा, आणि मुदतीत केव्हाही वापरता येत असेल तर अमेरिकी पद्धतीचा म्हटला जातो. या नावांचा त्या त्या खंडाशी आज काही संबंध उरलेला नाही.

पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेतले आहे. एका समभागाचा आजचा भाव ५०० रुपये आहे. तीन महिन्यांनी तो ५२० रुपयांना विकत घेण्याचा हक्क देणारा युरोपीय कॉल ऑप्शन विकायचा आहे. मुदतीच्या दिवशी भाव ५२० किंवा त्याहून कमी असेल तर हक्क निरुपयोगी ठरेल. भाव ५६० असेल तर हक्कधारक ५२० रुपये देऊन ५६० रुपयांची वस्तू घेईल, म्हणजे त्याला ४० रुपये मिळतील. तोटा झालाच तर तो ऑप्शनसाठी आधी दिलेल्या रकमेपुरता. लाभाला मात्र वरची मर्यादा नाही. अशा हक्कासाठी आज किती रुपये मोजणे रास्त ठरेल, हा सूत्रापुढचा प्रश्न आहे.

## सूत्र

कॉल ऑप्शनची किंमत C पुढीलप्रमाणे मिळते:

C = S·N(d₁) − K·e^(−rT)·N(d₂)

d₁ = [ln(S/K) + (r + σ²/2)·T] / (σ√T)

d₂ = d₁ − σ√T

येथे S हा समभागाचा आजचा भाव, K हा करारात ठरलेला भाव आणि T ही वर्षांमध्ये मोजलेली उरलेली मुदत आहे. r हा बिनजोखीम कर्जावरील व्याजाचा वार्षिक दर असून व्याज सतत चक्रवाढीने आकारले जाते असे मानतात. σ ही समभागाची चंचलता, म्हणजे भावातील लॉगॅरिथमी बदलांचे वार्षिक प्रमाण विचलन होय. ln हा नैसर्गिक (e पायाचा) लॉगॅरिथम आहे. N(x) म्हणजे शून्य मध्य आणि एक प्रमाण विचलन असलेल्या सामान्य वितरणाच्या घंटाकृती वक्राखालचे, x च्या डावीकडील संपूर्ण क्षेत्रफळ.

या पाचांपैकी S, K आणि T यांबद्दल शंका नसते. r बाबत थोडा मतभेद होऊ शकतो, पण त्याने उत्तर फारसे बदलत नाही. खरी अडचण σ ची आहे. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

## सोडवलेले उदाहरण

वरील करारात S = ५००, K = ५२० आणि T = ०.२५ आहे. व्याजदर ६ टक्के व चंचलता २४ टक्के धरली तर r = ०.०६ आणि σ = ०.२४ होते.

प्रथम छेद काढून ठेवणे सोयीचे असते, कारण तो दोनदा लागतो. ०.२५ चे वर्गमूळ ०.५ आहे, म्हणून

σ√T = ०.२४ × ०.५ = ०.१२

अंशातील पहिले पद आजचा भाव आणि करारातील भाव यांची तुलना करते. भाव अद्याप ५२० च्या खाली असल्यामुळे ते ऋण येते.

ln(५००/५२०) = ln(०.९६१५) = −०.०३९२

दुसऱ्या पदात σ²/२ = ०.०५७६ / २ = ०.०२८८. त्यात ०.०६ मिळवून ०.२५ ने गुणल्यास ०.०२२२ मिळतात. त्यामुळे

d₁ = (−०.०३९२२ + ०.०२२२०) / ०.१२ = −०.१४१८

d₂ = −०.१४१८ − ०.१२ = −०.२६१८

आता कोष्टक पाहावे लागते. छापील कोष्टकांत बहुधा धन संख्याच दिलेल्या असतात. वक्र दोन्ही बाजूंना सारखा असल्यामुळे N(−x) = १ − N(x) हा नियम वापरता येतो. कोष्टकात N(०.१४) = ०.५५५७ आणि N(०.१५) = ०.५५९६ आहे. आपल्याला हवी असलेली ०.१४१८ ही संख्या या दोहोंमधील अंतराच्या १८ टक्क्यांवर आहे. ०.००३९ चे १८ टक्के म्हणजे सुमारे ०.०००७, ते मिळवले की N(०.१४१८) = ०.५५६४. त्याच रीतीने N(०.२६) = ०.६०२६ आणि N(०.२७) = ०.६०६४ यांवरून N(०.२६१८) = ०.६०३३ येते. म्हणून

N(d₁) = १ − ०.५५६४ = ०.४४३६

N(d₂) = १ − ०.६०३३ = ०.३९६७

तीन महिन्यांनी द्यायच्या ५२० रुपयांचे आजचे मूल्य ५२० × e^(−०.०१५) = ५२० × ०.९८५१ = ५१२.२६ रुपये आहे. सर्व संख्या सूत्रात घातल्या की

C = ५०० × ०.४४३६ − ५१२.२६ × ०.३९६७ = २२१.८० − २०३.२१ = १८.५९

अधिक दशांश स्थळे घेऊन काढलेली किंमत १८.५८ रुपये येते आणि दुसरे पद २०३.२२ होते. चार स्थळांच्या कोष्टकाने पडलेला फरक एक पैशाचा आहे. पुढे हेच अधिक अचूक आकडे वापरले आहेत.

## कोष्टक वापरताना होणाऱ्या चुका

अनेक पाठ्यपुस्तकांतील कोष्टक डावीकडील संपूर्ण क्षेत्रफळ देत नाही, तर मध्यापासून x पर्यंतचेच क्षेत्रफळ देते. अशा कोष्टकात ०.१४ समोर ०.५५५७ ऐवजी ०.०५५७ छापलेले असते. तेव्हा x धन असल्यास त्यात ०.५ मिळवावे लागतात आणि ऋण असल्यास ०.५ मधून ते वजा करावे लागतात. कोष्टक कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखण्यासाठी शून्यासमोरचा आकडा पाहणे पुरेसे आहे. तो ०.५ असेल तर कोष्टक संपूर्ण क्षेत्रफळाचे, शून्य असेल तर मध्यापासूनचे.

दुसरी चूक ऋण चिन्ह विसरण्याची. वरील उदाहरणात d₁ आणि d₂ धन समजून ०.५५६४ आणि ०.६०३३ हेच आकडे सूत्रात घातले तर उत्तर उणे ३०.८४ रुपये येते. हक्काची किंमत ऋण असू शकत नाही, त्यामुळे ही चूक लगेच उघडी पडते. हा आकडा निरर्थक मात्र नाही. त्याच समभागावर, त्याच भावाचा आणि मुदतीचा पुट ऑप्शन, म्हणजे विकण्याचा हक्क, ३०.८४ रुपयांचा असतो. पुटचे सूत्र K·e^(−rT)·N(−d₂) − S·N(−d₁) असे असल्यामुळे चिन्ह चुकलेला विद्यार्थी नकळत उलट्या चिन्हाने पुटचीच किंमत काढत असतो.

तिसरी बाब पूर्णांकनाची असून ती कमी परिचित आहे. घाईत d₁ ची −०.१४ आणि d₂ ची −०.२६ अशी दोन दशांशांपर्यंत छाटणी करून कोष्टक पाहिले तर N ची मूल्ये ०.४४४३ आणि ०.३९७४ येतात. दोन्ही थोडी चुकीची आहेत, तरी त्यांवरून काढलेली किंमत १८.५८ रुपयेच येते. हा योगायोग नाही. या दोन बिंदूंवरील वक्राच्या उंचींना अनुक्रमे S आणि K·e^(−rT) यांनी गुणले तर गुणाकार नेहमी समान येतात. येथे दोन्ही १९७.४७ आहेत. परिणामी d₁ आणि d₂ एकाच दिशेने सारखेच सरकले तर पहिल्या पदातील चूक दुसऱ्या पदातील चुकीने जवळजवळ पूर्णपणे खोडली जाते.

दोन्हींची छाटणी वेगवेगळी झाली तर हे संरक्षण राहत नाही. d₂ चुकून −०.२७ धरला गेला, तर त्याच कोष्टकावरून किंमत २०.५२ रुपये येते, म्हणजे जवळजवळ दोन रुपये जास्त. σ√T ही दोन दशांशांत न बसणारी संख्या असेल तेव्हा ही चूक सहज होते. त्यामुळे d₁ आणि d₂ दोन्हींसाठी कोष्टकातील दोन नोंदींमधले मूल्य वर दाखवल्याप्रमाणे काढावे. एकासाठी काढून दुसऱ्यासाठी जवळची नोंद घेऊ नये.

## N(d₁) आणि N(d₂) यांचा अर्थ

N(d₂) म्हणजे मुदतीच्या दिवशी भाव ५२० च्या वर असण्याची संभाव्यता, म्हणजेच हक्क वापरला जाण्याची संभाव्यता. उदाहरणात ती सुमारे ३९.७ टक्के आहे. ही संभाव्यता प्रत्यक्ष जगातील नव्हे, हे ध्यानात ठेवावे लागते. समभागाचा भाव सरासरीने बिनजोखीम व्याजदरानेच वाढतो, अशा एका कल्पित जगातील ती आहे. त्या जगाचा आधार का घेता येतो, हे पुढील विभागात येते.

N(d₁) हीसुद्धा हक्क वापरला जाण्याची संभाव्यता आहे असे काही वेळा लिहिले जाते; ते बरोबर नाही. तसे असते तर दोन्ही पदांत एकच संख्या आली असती. हक्क वापरला जातो तेव्हा दिली जाणारी रक्कम नेहमी ५२० च असते, पण हाती येणाऱ्या समभागाचे मूल्य दर वेळी वेगळे असते. शिवाय हक्क फक्त चढ्या भावालाच वापरला जात असल्यामुळे हे मूल्य सरासरीने ५२० पेक्षा बरेच जास्त असते. S·N(d₁) हे पद, हक्क वापरला गेला तरच मिळणाऱ्या समभागाचे आजचे मूल्य दर्शवते आणि ही अतिरिक्त वाढ N(d₁) मध्ये सामावलेली असते.

आकड्यांत हे असे दिसते. २२१.८० रुपयांना ०.३९६७ ने भागून तीन महिन्यांचे व्याज मिळवले की सुमारे ५६७.५ रुपये येतात. हक्क वापरला जाईल अशा सर्व शक्यतांमधील समभागाचा हा सरासरी भाव आहे. म्हणजे ३९.७ टक्के शक्यतांत सरासरी ४७.५ रुपयांचा लाभ, आणि उरलेल्यांत काहीच नाही. ४७.५ चे ३९.७ टक्के म्हणजे सुमारे १८.८६ रुपये, त्यांचे आजचे मूल्य पुन्हा १८.५८ रुपये भरते.

## अपेक्षित परतावा सूत्रात का नाही

समभागाचा भाव चढेल की उतरेल याबद्दलचे कोणाचेही मत या सूत्रात विचारलेले नाही. खरेदीचा हक्क भाव चढण्यावरच अवलंबून असताना असे कसे होते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर विक्रेत्याच्या बाजूने पाहिले असता मिळते.

ऑप्शन विकणाऱ्याला १८.५८ रुपये मिळाले. त्याने आणखी २०३.२२ रुपये कर्जाऊ घेतले आणि जमलेल्या २२१.८० रुपयांत समभागाचा ०.४४३६ इतका अंश खरेदी केला. (करार एक हजार समभागांचा असेल तर हे सुमारे ४४४ समभाग होतात.) सूत्रातील दोन पदे म्हणजे ही दोन कामे आहेत: पहिले पद समभागातील गुंतवणूक, दुसरे कर्ज.

आता भाव एकाएकी ५०५ झाला असे समजू. विक्रेत्याजवळील समभागाचे मूल्य २.२२ रुपयांनी वाढेल. सूत्राने नव्याने काढलेली ऑप्शनची किंमत २०.८८ आहे, म्हणजे त्याचे देणे २.३० रुपयांनी वाढले. त्याला आठ पैशांचा तोटा झाला. उलट भाव ४९५ झाला तर समभागात २.२२ रुपयांची घट येते, पण ऑप्शनची किंमत १६.४४ पर्यंत, म्हणजे २.१४ रुपयांनीच उतरते. पुन्हा आठ पैशांचा तोटा. भाव कोणत्या दिशेला गेला याने विक्रेत्याला फरक पडत नाही. तो किती हलला याने पडतो.

हा तोटा भरून काढतो तो काळ. भाव जागच्या जागी राहिला तर ऑप्शनची किंमत दर दिवशी सुमारे १६ पैशांनी झिजते आणि ही झीज विक्रेत्याच्या पदरात पडते. त्यांतील तीन पैसे कर्जाच्या व्याजात जातात, उरतात तेरा. भाव दिवसभरात कितीने हलला असता हे तेरा पैसे नेमके संपतील, याचा हिशेब केला तर उत्तर ६.२८ रुपये येते. वार्षिक २४ टक्के चंचलता असलेल्या, ५०० रुपये भावाच्या समभागाचे एका दिवसाचे प्रमाण विचलनही, वर्षाचे ३६५ दिवस धरून, ५०० × ०.२४ / √३६५ = ६.२८ रुपयेच आहे. म्हणजे समभाग जेवढा हलणे अपेक्षित आहे तेवढाच सरासरीने हलला, तर विक्रेत्याला नफाही नाही आणि तोटाही नाही. अर्थात भाव बदलला की N(d₁) बदलतो आणि जवळील समभागांची संख्या नव्याने जुळवावी लागते. हे सातत्याने करता येते असे गृहीत धरलेले आहे.

भावाच्या दिशेची जोखीम अशा प्रकारे पूर्णपणे टाळता येत असल्यामुळे तिच्यासाठी कोणी मोबदला मागू शकत नाही. म्हणूनच किंमत काढताना समभागाची खरी सरासरी वाढ बाजूला ठेवून तिच्या जागी व्याजदर घेतला तरी उत्तर बरोबर येते. बाजारातील किंमत याहून बरीच वेगळी असेल, तर महाग ते विकून आणि स्वस्त ते वर सांगितल्याप्रमाणे स्वतः तयार करून जोखमीविना नफा कमावता येईल. असा नफा टिकून राहत नाही, हा सूत्राचा मूळ आधार आहे.

## मुदतीपूर्वी हक्क वापरणे

सूत्र युरोपीय ऑप्शनचे असले तरी समभाग लाभांश देत नसेल, तर अमेरिकी कॉल ऑप्शनलाही तेच लागू पडते, असे मर्टन यांनी दाखवले. भाव ६०० झाला असताना हक्क वापरला तर ८० रुपये मिळतात. पण ऑप्शनची किंमत S − K·e^(−rT) च्या खाली जाऊ शकत नाही आणि ही रक्कम ८० पेक्षा नेहमी जास्त असते, कारण ५२० रुपये नंतर देणे हे आज देण्यापेक्षा स्वस्त असते. ज्याला बाहेर पडायचे आहे त्याने हक्क वापरण्यापेक्षा तो विकावा. मुदतीत लाभांश मिळणार असेल तर मात्र हा तर्क लागू राहत नाही, कारण लाभांश समभागधारकाला मिळतो, हक्कधारकाला नाही. पुट ऑप्शनच्या बाबतीत तर लाभांश नसतानाही तो लागू नाही.

## चंचलतेचा अंदाज

उदाहरणातील व्याजदर ६ ऐवजी ७ टक्के धरला तर किंमत सुमारे ५१ पैशांनी वाढते. चंचलता २४ ऐवजी २५ टक्के धरली तर ती ९९ पैशांनी वाढते. व्याजदराचा अंदाज सहसा एका टक्क्याने चुकत नाही. चंचलतेचा सहज चुकतो.

रूढ पद्धत अशी: रोजच्या बंद भावांवरून ln(आजचा भाव / कालचा भाव) ही संख्या काढायची, अशा अनेक दिवसांच्या संख्यांचे प्रमाण विचलन घ्यायचे आणि वर्षात बाजाराचे सुमारे २५२ दिवस असतात म्हणून त्याला √२५२ ने गुणायचे. रोजचे प्रमाण विचलन १.५१ टक्के आले तर वार्षिक चंचलता सुमारे २४ टक्के होते. रोजचे प्रमाण विचलन वार्षिक न करता तसेच सूत्रात घालणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. तसे केल्यास या उदाहरणात किंमत जवळजवळ शून्य येते.

ही पद्धत बरोबर वापरली तरी तिची अचूकता मर्यादित आहे. तीन महिन्यांतील ६३ दिवसांचे भाव घेतले, तर सूत्राची सर्व गृहीतके खरी मानूनही अंदाजाची प्रमाण त्रुटी σ/√(२ × ६३), म्हणजे सुमारे २.१ टक्के बिंदू असते. किमतीत ती २ रुपयांहून अधिक होते. १८.५८ या उत्तरातील पैशांपर्यंतची अचूकता गणिताची आहे. सूत्रात घातलेल्या माहितीची नाही.

व्यवहारात म्हणून सूत्र बऱ्याचदा उलट्या दिशेने वापरले जाते. हाच ऑप्शन बाजारात २१.५५ रुपयांना विकला जात असेल, तर कोणती चंचलता धरल्यास सूत्र ही किंमत देईल ते शोधतात. येथे उत्तर २७ टक्के आहे. हिला गर्भित चंचलता म्हणतात. तिच्यासाठी थेट सूत्र नाही. अंदाज धरून तो सुधारत न्यावा लागतो.

## मर्यादा

सूत्रात चंचलता स्थिर मानली आहे आणि भाव खंड न पडता, अंशाअंशाने बदलतो असे धरले आहे. दुसरे गृहीतक मोडले तर काय होते ते वरच्याच विक्रेत्यावरून दिसते. एखाद्या रात्री कंपनीबद्दल वाईट बातमी आली आणि ५०० वर बंद झालेला समभाग सकाळी ४६० वर उघडला, तर त्याच्या ०.४४३६ समभागाचे मूल्य १७.७४ रुपयांनी घटेल. ऑप्शनची किंमत मात्र १८.५८ वरून ५.८७ पर्यंत, म्हणजे १२.७१ रुपयांनीच उतरेल. पाच रुपयांचा हा तोटा रोजच्या तेरा पैशांनी भरून निघायला सव्वा महिन्याहून अधिक काळ लागतो. मधल्या वेळी समभागांची संख्या जुळवण्याची संधीच त्याला मिळालेली नसते.

अशा उड्या सामान्य वितरणाच्या अंदाजापेक्षा बऱ्याच अधिक वेळा येतात. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात सुमारे २२.६ टक्क्यांनी कोसळला. सूत्र खरे असेल तर एकाच मुदतीच्या सर्व ऑप्शनांची गर्भित चंचलता सारखी यायला हवी. त्या दिवसानंतर अमेरिकी निर्देशांकाच्या ऑप्शनांत मात्र कमी करारभावाच्या ऑप्शनांची गर्भित चंचलता ठळकपणे जास्त येऊ लागली. मोठ्या घसरणीपासूनच्या विम्यासाठी बाजार सूत्रापेक्षा जास्त किंमत मोजू लागला, असा त्याचा अर्थ लावला जातो. करारभाव आणि गर्भित चंचलता यांच्या आलेखाच्या आकारावरून या घटनेला 'चंचलतेचे स्मित' असे नाव पडले.

## इतिहास

ऑप्शनच्या किमतीचा गणिती विचार फ्रेंच गणितज्ञ लुई बाशलिए यांनी १९०० साली पॅरिस येथील प्रबंधात केला होता. त्यांनी स्वतः भावच सामान्य वितरणाने बदलतात असे धरले, त्यामुळे त्यांच्या गणितात भाव ऋण होण्याची शक्यता उरते. ब्लॅक–शोल्स सूत्रात भावाचा लॉगॅरिथम सामान्य वितरणाचा मानल्यामुळे ही अडचण राहत नाही. १९६० च्या दशकात केस स्प्रेंकल आणि जेम्स बोनेस यांनी बाह्यतः जवळजवळ अशीच सूत्रे दिली होती, पण त्यांत समभागाचा अपेक्षित परतावा लागत असे आणि तो कोणाला नक्की सांगता येत नसे. तो वगळता येतो हे दाखवणे, ही ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांची नवी भर होती.

शिकागो येथे ऑप्शनांचा संघटित बाजार २६ एप्रिल १९७३ रोजी सुरू झाला. सुरुवातीला तेथे फक्त १६ समभागांवरील कॉल ऑप्शन उपलब्ध होते. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. ब्लॅक यांचे १९९५ मध्ये निधन झाले होते आणि हे पारितोषिक मरणोत्तर दिले जात नाही.

## भारतातील ऑप्शन

मुंबईच्या बाजारात असे करार या सूत्राच्या कितीतरी आधीपासून परिचित होते. रोखे करार (नियमन) अधिनियम, १९५६ मधील ऑप्शनच्या व्याख्येत कॉल आणि पुट यांच्या बरोबरीने तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली हे बाजारातील देशी शब्द आले आहेत. त्याच अधिनियमाने रोख्यांवरील ऑप्शनांना बंदी घातली होती; ती १९९५ मध्ये उठवण्यात आली. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकावरील ऑप्शन जून २००१ मध्ये आणि निवडक समभागांवरील ऑप्शन जुलै २००१ मध्ये सुरू झाले. समभागांवरील ऑप्शन आरंभी अमेरिकी पद्धतीचे होते. जानेवारी २०११ च्या सुमारास ते युरोपीय पद्धतीचे करण्यात आले. मुदतीत लाभांश न देणाऱ्या समभागांवरील कॉल ऑप्शनच्या सैद्धांतिक किमतीत या बदलाने काही फरक पडला नाही. पुट ऑप्शनच्या किमतीत पडला.